पीओच्या मेलमधला '३० दिवस क्रेडिट' नेमका कधीपासून?

सप्लायरशी फोनवर सगळं ठरलं होतं, ३० टक्के ॲडव्हान्स आणि बाकीचे ३० दिवसांच्या क्रेडिटवर, आणि मी पीओच्या, म्हणजे परचेस ऑर्डरच्या, मेलमध्ये एवढंच टाकलं की 'पेमेंट टर्म्स ठरल्याप्रमाणे'. इथेच घोळ झाला. सप्लायर बिल ३ तारखेला काढणार होता, माल आमच्याकडे १४ ला पोचणार होता, तो बिलाच्या तारखेपासून दिवस मोजत होता आणि आमचं अकाउंट्स माल मिळाल्यापासून, म्हणजे सरळ ११ दिवसांचा फरक. वर ॲडव्हान्सची रक्कम टॅक्स धरून की टॅक्स सोडून, हेही कोणी बोललं नव्हतं.

मग भांडत न बसता त्याला फोन केला, दोन्ही गोष्टी ठरवल्या आणि त्याच मेलवर रिप्लाय टाकला:

'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे, ॲडव्हान्स ३० टक्के, टॅक्स सोडून बेसिक रकमेवर, पीओ कन्फर्म झाला की ३ दिवसांत देतो. उरलेले ७० टक्के आणि पूर्ण टॅक्स, माल आमच्याकडे पोचल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत. माल तुकड्यांत आला तर प्रत्येक बिलाचे दिवस वेगळे मोजू आणि ॲडव्हान्स त्याच प्रमाणात वजा करू. काही वेगळं ठरलं असेल तर सांगा, नाहीतर फक्त ओके लिहा.'

तो 'ओके' येईपर्यंत मी ॲडव्हान्स सोडला नाही, कारण न आलेलं उत्तर म्हणजे होकार असं धरणं मला तरी पटत नाही. आणि हो, पीओच्या पीडीएफमधली जुनी टर्म्सची ओळपण बदलली, नाहीतर अकाउंट्सवाले तीच बघतात.