खर्चाच्या रकमेवर वीस टक्के कर का लागत होता?

सप्टेंबर 2025 मध्ये मी शिक्षणासाठी मँचेस्टरला आले. विद्यापीठाची चौदा लाख रुपये फी बाबांनी दादरच्या बँकेतून परस्पर भरली होती आणि वर्षाच्या दहा लाखांच्या मर्यादेवरील चार लाखांवर पाच टक्क्यांप्रमाणे वीस हजार रुपये टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, कापला गेला होता. इथे खाते उघडण्यासाठी विद्यापीठाने माझ्या पत्त्यासह बँकेच्या नावे दिलेले पत्र लागले.

खरी अडचण पुढे आली. घरभाडे व जेवणखाणासाठी बाबा तीन लाख रुपये पाठवू लागले, तेव्हा बँकेने पंधराऐवजी साठ हजार रुपये कर सांगितला. परदेशी पैसे पाठवण्यासाठी भरलेल्या ए-2 अर्जाची प्रत नीट पाहिल्यावर कारण कळले: पैसे माझ्या वैयक्तिक खात्यात जाणार असल्याने तिथे कुटुंबाच्या निर्वाहाचा S1301 हा कोड टाकला होता, आणि त्या कारणासाठी दर वीस टक्के होता. प्रवेशपत्र, व्हिसा आणि वसतिगृहाचा करार जोडून बाबांनी शिक्षणाचा S0305 हा कोड घालून घेतला. त्यात वसतिगृहाचा खर्चही येतो.

तरीही ती रक्कम अखेर आईने स्वतःच्या बचतीतून पाठवली, कारण दहा लाखांची मर्यादा प्रत्येक पॅनला स्वतंत्र असते आणि तिची पूर्ण शिल्लक होती. त्यामुळे टीसीएस लागलाच नाही. बाबांचे वीस हजार 26एएस या त्यांच्या नावे जमा झालेल्या कराच्या तपशिलात दिसत आहेत. ते विवरणपत्र भरताना त्यांच्या करातून वजा होतील.