क्रीडादिनी फोटोंच्या गर्दीत पोरांना न्यायची वेळ हरवू नये म्हणून

शाळेच्या क्रीडादिनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये लंगडीचे चाळीस फोटो येतात आणि ‘पोरांना ४ वाजता न्या’ हा मेसेज वर कुठेतरी गडप होतो. कापूस वेचायला वावरात गेलेला माणूस तो शोधणार कधी?

१. सकाळीच एक मेसेज टाका: ‘१० कबड्डी, १२ खो-खो, २ धावणे, ४ वाजता गेटवरून न्या.’ तो दाबून धरा आणि २४ तासांसाठी पिन करा.

२. खो-खो लांबला, तर जुना मेसेज दुरुस्त करू नका. व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांनंतर तो बदलता येत नाही, आणि आधी बदलला तरी कोणाचा फोन वाजत नाही. ‘बदल: ४ ऐवजी ४:४५, ऑटोवाल्यांनाही सांगा’ असा नवीन मेसेज टाकून तो पिन करा, जुन्याचं पिन काढा. दोन्ही राहिले की अर्धे पालक ४ लाच गेटवर!

३. फोटो प्रत्येक खेळ संपल्यावर एकदम टाका, निवडून पाच-सहाच. आमच्याकडे रेंज तेवढीच.

फोटोखाली लेकराचं पूर्ण नाव आणि गाव मात्र लिहू नका. ग्रुपमधला फोटो पुढे कुठे जातो ते कळत नाही.