‘नुसती सर्दी तर आहे’ म्हणत बाळ बघायला जाताय? या चुका टाळा

गेल्या श्रावणात भाचसून बाळंतपणाला मिरजेत होती. बाळ वीस दिवसांचं. मला दोन दिवसांपासून सर्दी होती, पण अंगात ताप नव्हता. सांगलीतून निघताना सर्दीची गोळी घेतली, मिरजेत उतरेपर्यंत नाक कोरडं. झालं, गेले!

पहिली चूक तीच. गोळीने नाक थांबतं, विषाणू थांबत नाही. ताप नसला म्हणजे सर्दी लागत नाही, असंही नाही. मोठ्यांची साधी सर्दी कधी कधी आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळेही असते. आपल्याला चार शिंका, तान्ह्याला मात्र तीच छातीत उतरते. त्याच्या श्वासनलिका इतक्या बारीक असतात, की थोडी सूज आणि चिकट शेंबूड आला तरी वाट बंद होते. शिवाय तान्ही मुलं बहुतेक नाकानेच श्वास घेतात, त्यामुळे नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही.

दुसरी चूक हाताची. मी मास्क लावला होता, पण रुमालाने नाक पुसलं आणि त्याच हाताने बाळाचं टोपडं सारखं केलं. सर्दीचे विषाणू हातावरून सहज जातात. साबणाने वीस सेकंद हात धुवायचे ते बाळाला घेण्याच्या अगदी आधी. दारात धुऊन मग मोबाइल चाळलात, तर ते धुणं वाया गेलं.

पाचव्या दिवशी भाचसुनेचा फोन आला, “आत्या, बाळ दोन घोट घेतं अन् सोडून देतं.” बाळ निजलेलं असताना तिने मिनिटभर श्वास मोजले, ते चौसष्ट भरले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त असतील, तर ते जलद धरतात. वर बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. चार दिवस ऑक्सिजनवर काढावे लागले. माझ्याकडूनच लागलं, असं कोणी सिद्ध केलं नाही. मला मात्र शंका नाही.

तिसरी चूक घरच्यांची. दवाखान्याआधी ओव्याची धुरी दिली आणि नाकात तेल सोडलं. धुराने श्वासनलिका आणखी चिडतात, तेल फुफ्फुसात जाऊ शकतं. अंगावरचं मात्र बंद करायचं नाही. आईलाच सर्दी असली तरी मास्क लावून, हात धुऊन पाजायचं.

तुम्ही जाऊन आला असाल तर लपवू नका. सर्दी होती हे सांगून टाका, म्हणजे घरचे आठवडाभर लक्ष ठेवतील. दूध निम्म्यावर आलं, श्वास जलद झाला, ओठ निळसर दिसले किंवा ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

भेटायला जायचं ते सर्दी सुरू झाल्यापासून आठ दिवस झाल्यावर, आणि तेही नाक-खोकला पुरता थांबल्यावर. डिंकाचे लाडू आधी भाच्याच्या हाती पाठवता येतात.