या चुका टाळा: ‘म्हणाले की’च्या पुढचा ‘होता’

इंग्रजी बातमीचं मराठी करणारे बहुतेक नवे हात एकाच ठिकाणी घसरतात. मुख्य क्रियापद भूतकाळात दिसलं की ‘की’नंतरचं वाक्यही भूतकाळात ढकलून देतात. शाळेत डायरेक्ट-इनडायरेक्ट घोटून घेतलेलं असतं: ‘सेड’ आलं की ‘इज’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वूड’, ‘हॅव’चं ‘हॅड’. तो नियम इंग्रजीचा. मराठीत ‘की’नंतरचं गौण वाक्य मूळ बोलणाऱ्याच्या घड्याळावर चालतं. तो बोलत असताना जो काळ होता, तोच राहतो.

समजा, इंग्रजी मजकूर पाणीपुरवठ्याचा आहे. तो शब्दाला शब्द लावून असा उतरतो:

‘अभियंत्यांनी सांगितले की जलवाहिनीची दुरुस्ती सुरू होती, दोन पंप नादुरुस्त झाले होते आणि गुरुवारी पाणीपुरवठा सुरळीत होणार होता.’

वाक्य व्याकरणात बसतं, म्हणून ते नजरेतून निसटतं. पण वाचणाऱ्याला काय कळतं? दुरुस्ती सुरू होती, म्हणजे आता थांबली. पंप बिघडले होते, म्हणजे बहुधा दुरुस्त झाले. आणि सगळ्यात वाईट ते ‘होणार होता’. मराठीत ‘येणार होता’ म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, ‘मग का नाही आला?’ ठरलेली गोष्ट फिसकटल्याचा वास त्या रूपाला आहे. म्हणजे अभियंता गुरुवारी पाणी येईल असं सांगतोय आणि आपण छापतोय की बेत रद्द झाला. लोक गुरुवारी पिंपं भरून ठेवतील आणि शिव्या अभियंत्याला देतील.

हवं ते असं: ‘दुरुस्ती सुरू आहे, दोन पंप नादुरुस्त झाले आहेत आणि गुरुवारी पाणीपुरवठा सुरळीत होईल, असे अभियंत्यांनी सांगितले.’ ‘होईल’ की ‘होणार आहे’, हे बोलण्यातल्या खात्रीवरून ठरवायचं. अंदाज किंवा आश्वासन असेल तर ‘होईल’, वेळापत्रक ठरलेलं असेल तर ‘होणार आहे’.

यावर माझी सवय साधी आहे. ‘की’ झाकायचं आणि माणसाच्या तोंडचं वाक्य अवतरणात लिहून बघायचं: ‘दुरुस्ती सुरू आहे.’ तो असं म्हणाला असेल, तर काळ तोच. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तेवढा वेळ नसणाऱ्यांना सोपा शॉर्टकट हवा असतो, म्हणून ते सगळे ‘होता’ पुसून सरसकट ‘आहे’ करतात. ही दुसरी चूक आणि ती पहिलीइतकीच वाईट. मूळ बोलणंच भूतकाळाचं असेल तर ‘होता’ राहायलाच हवा: ‘चोरी झाली तेव्हा मी गावाला होतो, असे त्याने सांगितले.’ इंग्रजी ‘वॉज’वरून हे कळत नाही. ‘तेव्हा’, ‘त्या वर्षी’, ‘अपघातापूर्वी’ असा काळ दाखवणारा शब्द शेजारी आहे का, ते बघायचं. ‘हॅड’चंही तसंच. ‘राजीनामा दिला’, ‘दिला आहे’, ‘दिला होता’ यांतलं कोणतं, हे संदर्भावाचून सांगता येत नाही. ‘दिला होता’ लिहिलात तर वाचक ‘मग परत घेतला का’ असं विचारणार.

हे बोलण्यापुरतं नाही. कळणं, वाटणं, दिसणं, ठरवणं, सगळीकडे तेच. ‘तिला कळलं की तो खोटं बोलतोय.’ ‘त्याने पाहिलं की दार उघडं आहे.’ मात्र ‘पाहिलं तर दार उघडं होतं’ इथे ‘होतं’ बरोबर. तिथे कोणाच्या मनातलं सांगत नाही, कथन करणारा स्वतः प्रसंग सांगतोय. ‘जेव्हा-तेव्हा’ आणि ‘जो-तो’च्या वाक्यांतही घड्याळ सहसा कथन करणाऱ्याचं असतं: ‘आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती.’ तिथे ‘आहे’ घुसवू नका.

‘मला वाटलं’ आणि ‘मला वाटलं होतं’ एक नव्हेत. दुसऱ्यात बहुतेक वेळा अंदाज चुकल्याची कबुली असते.

‘पैसे मिळाले तर काम सुरू करू, असे तो म्हणाला’ यातलं ‘मिळाले’ भूतकाळाचं नाही, अटीचं आहे. त्याला ‘मिळाले होते तर’ करू नका.

आणि ‘उद्या’. काळ मूळ बोलणाऱ्याचा ठेवला म्हणून त्याचा ‘उद्या’ही तसाच ठेवायचा नाही. सोमवारी म्हटलेलं ‘उद्या’ मंगळवारच्या अंकात वाचणारा बुधवार धरतो. बातमीत तिथे वार किंवा तारीख घाला.