चेक परत आला तर दोन्हीकडच्यांनी काय काय तयार ठेवायचं

आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे सोलापुरात अक्कलकोट रोडला, आणि चाटी गल्लीतल्या एका दुकानदाराने दिलेला 64,000 चा चेक मागच्या मार्चमध्ये परत आला, तेव्हा जे शिकलो ते लिहून ठेवतोय.

आधी मेमो बघा. बँक चेकसोबत एक चिठ्ठी देते, रिटर्न मेमो म्हणतात, त्यावर कारण लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा खात्यात पैसे कमी असतात. नाहीतर सही जुळत नाही, अक्षरी आणि आकडी रक्कम वेगळी, तीन महिने उलटून गेलेत, खाडाखोड केलीय, स्टॉप पेमेंट दिलंय, नाहीतर खातंच बंद. तारीख शिळी किंवा खाडाखोड असेल तर भांडायचं काही नाही, नवीन चेक मागून घ्या. सही चुकलीय म्हटलं तरी आधी फोन करून विचारा, पुष्कळदा म्हातारपणी सही बदलते आणि माणूस प्रामाणिकच असतो. पण मुद्दाम वेगळी सही केली, किंवा पैसे द्यायचे नाहीत म्हणून स्टॉप पेमेंट दिलं, तर चेक न वटण्याला फौजदारी गुन्हा ठरवणारं कलम 138 तिथेही लागू शकतं, 'मी तर फक्त थांबवला' म्हणून सुटका होत नाही.

आता चेक घेणाऱ्याची तयारी. मेमो ज्या दिवशी हातात आला ती तारीख लिहून ठेवा, सगळा हिशेब तिथून चालतो. आमचा 11 मार्चला आला. तिथून 30 दिवसांत लेखी नोटीस जायला पाहिजे, फोन आणि व्हॉट्सॲपवरच्या 'देतो हो अण्णा' वर महिना घालवला तर ती केस गेली (चेकची मुदत शिल्लक असेल तर परत भरून परत मेमो घेता येतो, एवढाच आधार). नोटिशीत चेकची रक्कम नेमकी मागायची, व्याज नि बँकेचा चार्ज मागायचा असेल तर वेगळा दाखवायचा. आम्ही 18 ला स्पीड पोस्टाने पाठवली, 21 ला त्याला मिळाली, मग त्याला 15 दिवस, म्हणजे 5 एप्रिलपर्यंत. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार, पण त्या 15 दिवसांच्या आधी गेलात तर तक्रार टिकत नाही. तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते, पार्टी बाहेरगावची असली तरी आपल्याला तिकडे पळावं लागत नाही. फाईलमध्ये मूळ चेक, मूळ मेमो, बिल, माल पोचल्याची सही, नोटिशीची कॉपी, पोस्टाची पावती आणि डिलिव्हरीची प्रिंट. मेमो झेरॉक्सवाल्याकडे विसरू नका, मी विसरलो होतो, परत धावत गेलो.

जिथे मी खरंच फसलो ते म्हणजे आधीच आलेले पैसे. चेक भरायच्या चार दिवस आधी त्याने 20,000 फोनवरून टाकले होते आणि मी तरी पूर्ण 64,000 चाच चेक भरला. वकील म्हणाले, बाबा, भरला त्या दिवशी तुझं येणं 44,000 च होतं, मग 64,000 चा चेक परत आला म्हणून 138 कसं लावणार? एकतर चेकच्या पाठीमागे 20,000 पोचले असं लिहून उरलेल्यासाठीच भरायचा होता, नाहीतर सरळ 44,000 चा नवा चेक घ्यायचा. ते नोटीस पाठवून झाल्यावर कळलं. पैसे वसूल करायचा दिवाणी मार्ग राहतो, पण दबाव गेला.

चेक देणाऱ्यानेही ऐका, कारण उद्या तुम्हीही देणार आहात. आता चेक बहुतेक त्याच दिवशी पास होतो, ऑक्टोबर 2025 पासून, त्यामुळे 'दोन दिवसांनी पैसे भरतो' हा जुना हिशेब चालत नाही, पैसे आधी ठेवा. परत आलाच तर समोरच्याचा फोन यायची वाट न बघता स्वतः करा, बँक ट्रान्सफर करा, रिमार्कमध्ये चेक नंबर टाका आणि मूळ चेक परत मागून घ्या, तो तिकडे राहिला तर परत बँकेत भरला जाऊ शकतो. रोख दिलेत तर पावती घ्या. नोटीस आली तर पाकीट नाकारू नका, घेतलं नाही तरी ते मिळालं असंच कोर्ट धरतं. 15 दिवसांत चेकची रक्कम दिली तर 138 चा गुन्हाच राहत नाही; माल खराब होता किंवा पैसे आधीच दिलेत असं असेल तर पुराव्यानिशी उत्तर पाठवा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आमच्या दुकानदाराने शेवटी 44,000 चा वेगळा चेक दिला, तो पास झाला, आणि जुना मी त्याच्यासमोर फाडला. आता मी चेक घेतला की पाठीमागे पेन्सिलीने बिल नंबर लिहितो, आणि भरायला जाताना आधी खात्यात त्याचं काही आलंय का तेवढं बघतो.