अल्फा काढताना या चुका टाळा (मी स्वतः केलेली एक धरून)

म्हापशात संध्याकाळी पाच-सहा पोरं माझ्याकडे म्युच्युअल फंडांचं शिकायला येतात आणि दर बॅचमध्ये कोणीतरी पहिल्याच आठवड्यात एक्सेल घेऊन येतो, सर अल्फा काढला, तीन टक्के आलाय! विचारलं कसा काढला तर फंडाने 15 दिले, निफ्टीने 12, उरले 3. अरे बाबा, ही नुसती वजाबाकी झाली, अल्फा नव्हे. फंडाने मार्केटपेक्षा जास्त धोका घेतला असेल तर त्याच्याकडून जास्त रिटर्न मुळातच अपेक्षित होता, तो किती ते सिक्युरिटी मार्केट लाइन सांगते, आणि त्या रेषेच्या वर जे उरेल तेच अल्फा. 1968 साली मायकल जेन्सनने 115 अमेरिकन फंड याच पट्टीने मोजले, म्हणून याला जेन्सनचा अल्फा म्हणतात. सरासरी निघाली शून्याच्या खाली.

```
रिक्वायर्ड = Rf + β × (Rm − Rf)
अल्फा     = फंडाचा रिटर्न − रिक्वायर्ड
```

आता वरचाच फंड घ्या. β म्हणजे बीटा, मार्केट एक टक्का हललं की फंड सरासरी किती टक्के हलतो, तो 1.3. Rf म्हणजे बिनजोखमीचा रेट, तो सरकारच्या ट्रेझरी बिलाचा 6.5 धरू. मार्केटचा रिटर्न Rm 12, म्हणजे जोखमीचा जादा मोबदला 5.5, त्याला 1.3 ने गुणलं की 7.15, त्यात 6.5 मिळवले की 13.65. फंडाने 15 दिले, अल्फा 1.35. तीनाचा सव्वा झाला, कारण बाकीचं नुसतं बीटाने कमावलेलं होतं. काही जण घाईघाईत बीटाला सरळ 12 ने गुणतात आणि वर 6.5 मिळवतात, मग रिक्वायर्ड 22.1 येतो आणि चांगला फंड सात टक्के मायनसमध्ये दिसतो. कंसाकडे बघायचं, बस.

आता माझी स्वतःची चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी फोंड्याच्या एका निवृत्त मास्तरांना मी हेच गणित कागदावर करून दाखवलं, काका बघा, मॅनेजरने वर्षाला सव्वा टक्का स्वतःच्या डोक्याने कमावलाय. मास्तर गणिताचे. चष्मा वर सरकवून म्हणाले, हे 12 टक्के म्हणजे निफ्टीचा नुसता आकडा वाढलाय ना, मग त्या 50 कंपन्यांनी मधल्या काळात डिव्हिडंड दिला तो कुठे गेला? फंडाच्या एनएव्हीत, युनिटच्या किमतीत, तर तो येतो. मी गप्प. चहा थंड झाला. घरी येऊन परत मांडलं. डिव्हिडंडचे साधारण 1.3 धरून मार्केट 13.3, मोबदला 6.8, गुणिले 1.3 म्हणजे 8.84, अधिक 6.5, रिक्वायर्ड 15.34. अल्फा वजा 0.34. म्हणजे मी ज्याला मॅनेजरचं डोकं म्हणत होतो तो डिव्हिडंड होता, आणि गंमत बघा, 1.3 टक्के विसरले तर फटका 1.3 चा नाही बसला, बीटाने गुणून 1.69 चा बसला. जास्त बीटाच्या फंडाला ही चूक जास्त फुगवते.

म्हणून टोटल रिटर्न इंडेक्स, टीआरआय, घ्यायचा. सेबीने 1 फेब्रुवारी 2018 पासून फंडांना तुलना टीआरआयशीच करायला लावली आहे, पण तुम्ही स्वतः डेटा उतरवता तेव्हा ही सक्ती तुमच्यावर कोण करणार. माझी सवय अशी, फाइल उघडली की पहिला आकडा बघतो, टीआरआयचा आकडा नेहमीच्या निफ्टीपेक्षा बराच मोठा असतो, बातम्यांत ऐकलेला आकडाच दिसला तर चुकीची फाइल. आणि फंडाचा ग्रोथ ऑप्शन घ्या, डिव्हिडंड वाटणाऱ्या ऑप्शनची एनएव्ही दर वाटपाला घसरते आणि फंड उगाच बदनाम होतो.

दुसरी माझी आवडती चूक जास्त लबाड आहे. गेल्या पावसाळ्यात डिचोलीचा एक पोरगा, हुशार पण भारी उतावळा, 60 महिन्यांचे रिटर्न घेऊन रिग्रेशन, म्हणजे फंड आणि मार्केटच्या ठिपक्यांतून एक रेषा काढणं, करून आला. बीटा बरोबर 1.3, अल्फा महिन्याला जवळपास 1.9. म्हणजे वर्षाला बावीसच्या वर! असा फंड असता तर मी म्हापशात क्लास घेत बसलो असतो का? झालं काय होतं, रिटर्न महिन्याचे आणि त्यातून वजा केलेला ट्रेझरी बिलाचा रेट मात्र वर्षाचा, 6.5. महिन्याचा साधारण 0.54 हवा होता. आता दोन्ही बाजूंतून एकच ठरलेला आकडा वजा केला तर ठिपक्यांचा उतार बदलत नाही, म्हणून बीटा सुरेख येतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. सगळी घाण इंटरसेप्टमध्ये, म्हणजे अल्फातच, जाते. जास्तीचे वजा झालेले 5.96, त्याला 1 वजा बीटा म्हणजे वजा 0.3 ने गुणायचं, आणि तेवढं खऱ्या अल्फातून वजा करायचं, म्हणजे दर महिन्याला 1.79 फुकट मिळाले. बीटा एकाहून कमी असता तर उलट झालं असतं, अल्फा खड्ड्यात. आणि बीटा बरोबर 1 असता तर चूक कधी सापडलीच नसती.

याच वाटेने अजून एक येते, ट्रेझरी बिलाऐवजी ओळखीच्या पतसंस्थेचा एफडी रेट टाकणं. 6.5 च्या जागी 8.5 टाकून बघा, वरच्या फंडाचा वजा 0.34 चा अल्फा अधिक 0.26 होतो. फंड तोच, मॅनेजर तोच. मी 91 दिवसांचं ट्रेझरी बिल सोडून दुसरं काही वापरत नाही.

बाकीच्या पटापट. एक्सेलच्या SLOPE मध्ये फंड आधी, मार्केट नंतर, उलटं केलं तर एरर येत नाही, फक्त बीटा चुकतो. सिक्युरिटी मार्केट लाइनच्या आडव्या अक्षावर बीटा असतो, स्टँडर्ड डेव्हिएशन नाही, ती कॅपिटल मार्केट लाइन, वेगळी गोष्ट. मिडकॅप फंड निफ्टी 50 वर मोजू नका, मिडकॅप चालले की प्रत्येक मॅनेजर जादूगार दिसतो, आर-स्क्वेअर, म्हणजे फंडाच्या चढउताराचा मार्केटने समजणारा भाग, कमी आला की हाच संशय घ्यायचा.

आणि कमी बीटाचा फंड मार्केटच्या मागे राहिला म्हणून शिव्या देऊ नका. बीटा 0.7, रिटर्न 12, टीआरआय 13.3. रिक्वायर्ड फक्त 11.26, म्हणजे अल्फा 0.74, मागे राहूनही रेषेच्या वर.

एवढं सगळं बरोबर करून अधिक 1.35 आला तरी नाचायच्या आधी हे चालवा:

```
=LINEST(D2:D61, E2:E61, TRUE, TRUE)
```

D मध्ये फंडाचे आणि E मध्ये मार्केटचे महिन्याचे रिटर्न, दोन्हींतून महिन्याचा ट्रेझरी बिलाचा रेट वजा करून. दुसऱ्या ओळीचा दुसरा आकडा म्हणजे इंटरसेप्टची स्टँडर्ड एरर, अल्फा नुसत्या योगायोगाने किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप. मार्केटने न समजणारी चढउतार महिन्याला 1.5 टक्के असेल तर 60 महिन्यांत ती साधारण 0.19 येते, वर्षाला जवळपास 2.3. म्हणजे 1.35 चा अल्फा आणि शून्य यांच्यात फरक आहे असं पाच वर्षांच्या डेटावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. हे सांगितल्यावर डिचोलीचा पोरगा म्हणाला, मग सर, अजून पाच वर्षं घेऊ? घे, म्हटलं, पण मधे मॅनेजर बदललाय का ते आधी बघ.