हाऊसमध्ये पोरं कमी-जास्त असली तरी स्पोर्ट्स डेचं पॉइंट टेबल बरोबर कसं लावायचं

आमच्या शाळेत चार हाऊस आहेत, गोदावरी, मांजरा, पूर्णा अन् दुधना. नावं नद्यांची छान आहेत पण पोरांची वाटणी काही सारखी नाही, कारण भाऊ-बहीण एकाच हाऊसमध्ये टाकायची पद्धत, हॉस्टेलची पोरं सगळी गोदावरीत, अन् तांड्यावरची बरीचशी दुधनात. मी गेली बरीच वर्षं पीटी शिकवतोय अन् स्पोर्ट्स डेचं टेबल माझ्याकडेच असतं, त्यामुळे फिरती ढाल कोणाला गेली अन् का गेली याचा हिशोब शेवटी मलाच द्यावा लागतो.

आधी आमचं गणित सगळ्या शाळांत असतं तसंच होतं, पहिल्याला 5, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 1, अन् कोणत्या हाऊसनं किती पोरं उतरवायची यावर काहीच बंधन नाही. गोदावरीत 96 पोरं, दुधनात 50, मग 100 मीटरला गोदावरीचे नऊ जण अन् दुधनाचे दोन. बारा इव्हेंट झाले तेव्हा गोदावरी 40, मांजरा 27, दुधना 23, पूर्णा 18. दुधनाच्या मॅडम म्हणाल्या सर हे काय बरोबर नाही, अन् त्यांचं म्हणणं खरं होतं. मग स्टाफरूममध्ये कोणीतरी सुचवलं की एकूण पॉइंटला पोरांच्या संख्येनं भागा, झालं. भागून बघितलं तर गोदावरी 0.42 अन् दुधना 0.46, म्हणजे ढाल दुधनाला. पण दुधनाच्या 23 पैकी 15 पॉइंट एकाच पोरीचे होते, 100 मीटर, 200 मीटर अन् लांब उडी तिन्हीत पहिली. पोरगी जोरदार पळायची यात शंका नाही, पण एका पोरीच्या जिवावर 50 जणांचं हाऊस पहिलं हेही मनाला पटेना.

यावर बराच विचार केल्यावर एक गोष्ट लक्षात आली, अन् पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. भागायचं तिथंच जिथं पोरं वाढली की पॉइंट वाढतात. जिथं जागाच ठरलेल्या आहेत तिथं भागायचं नाही. प्रत्येक हाऊसचे दोनच पळणार असं ठरवलं तर गोदावरीला 96 पोरं असून उपयोग काय, पळणार दोघंच, मग तिथं 96 नं भागलं तर त्यांच्यावर अन्याय. उलट ज्यात सगळी शाळा उतरते तिथं न भागता टेबल लावलं तर लहान हाऊसवर अन्याय. म्हणून टेबलाचे दोन भाग करायचे.

पहिला भाग म्हणजे नेहमीचे इव्हेंट. प्रत्येक इव्हेंटला हाऊसचे फक्त दोन, अन् एका पोराला दोन वैयक्तिक इव्हेंट अन् एक रिले, त्याच्या वर नाही. हा दुसरा नियम विसरू नका, नाहीतर परत ती एकच पोरगी सगळं टेबल ओढणार. चार हाऊसचे आठ जण होतात, तर आठही जणांना पॉइंट द्यायचे, 9, 7, 6, 5, 4, 3, 2, 1. तीनच नंबरांना दिले तर चौथा आला काय अन् शेवटचा आला काय सारखंच, मग कमकुवत हाऊसची पोरं अर्ध्यातूनच पळणं सोडून देतात, हे मी डोळ्यानं बघितलंय. रिलेला हाऊसची एकच टीम असते म्हणून तिथं 16, 11, 7, 3 द्यायचे. या आकड्यांची बेरीज दोन्हीकडं 37 येते, म्हणजे कोणत्याही इव्हेंटमध्ये तेवढेच पॉइंट वाटले जातात अन् रिलेचं वजन फुकट वाढत नाही. दोघं बरोबरीत तिसरे आले तर तिसऱ्याचे 6 अन् चौथ्याचे 5 मिळून 11, ते अर्धे-अर्धे, प्रत्येकी साडेपाच. दोघांनाही 6 दिले की बेरीज बिघडते.

ग्राउंडवर फक्कीनं चारच लेन मारता येत असतील तर दोन हीट घ्या, प्रत्येक हीटमध्ये चारही हाऊसचा एकेक, अन् नंबर वेळेवरून लावा.

आता प्रश्न येतो की लहान हाऊसकडं एखाद्या गटात पोरंच नसतील तर. आमच्या दुधनात 14 वर्षांखालच्या मुलींमध्ये गोळाफेकीला कोणीच नव्हतं, अन् अजून एका इव्हेंटला पण तेच. शून्य धरलं तर पोरं नसल्याची शिक्षा होते, अन् तो इव्हेंटच मोजायचा नाही म्हटलं तर बाकीच्यांची मेहनत वाया. यावर उपाय असा की बारापैकी प्रत्येक हाऊसचे सगळ्यात चांगले दहा इव्हेंट धरायचे, कमी पॉइंटचे दोन सोडायचे. सगळ्यांना सारखाच फायदा मिळतो, गोदावरीलाही. किती सोडायचे ते मात्र आधीच ठरवा, नोटीस बोर्डला नियम लावायच्या आधी सगळ्यात लहान हाऊसची वयोगटाची यादी काढा अन् किती इव्हेंटला त्यांच्याकडं पोरं नाहीत ते मोजा. दोन-तीनपर्यंत ठीक आहे, त्याच्या वर गेलं तर सोडायचे वाढवू नका, वयोगट एकत्र करा किंवा इव्हेंट कमी करा, कारण जास्त सोडले की हाऊसवाले मुद्दाम अवघड इव्हेंट टाळायला लागतात.

एक्सेलमध्ये ओळीला हाऊस अन् C पासून N पर्यंत बारा इव्हेंट घेतले तर फॉर्म्युला एवढाच:

```
=SUM(C2:N2)-SMALL(C2:N2,1)-SMALL(C2:N2,2)
```

इथं एक चूक हमखास होते. हाऊस उतरलंच नाही तर सेल रिकामी ठेवू नका, 0 टाका. रिकामी सेल SMALL मोजतच नाही, मग तो शून्य सोडायच्या ऐवजी हाऊसचे कमावलेले दोन इव्हेंट उडवतो, अन् बेरीज वरवर बघून ते कळतही नाही. प्रत्येक कॉलमच्या खाली `=SUM(C2:C5)` पण टाका, सगळे उतरले असतील तर 37 आलेच पाहिजेत, एका हाऊसचा एकच जण कमी असेल तर 36, अन् दोघंही नसतील तर आठ ऐवजी सहाच जण, म्हणजे 34. यात न बसणारा आकडा आला तर कोणीतरी नंबर चुकीचा लिहिलाय, तिथल्या तिथं शिट्टीवाल्या सरांना विचारून घ्या.

दुसरा भाग म्हणजे सगळ्या पोरांचा. स्पोर्ट्स डेच्या आधीच्या आठवड्यात पीटीच्या तासाला प्रत्येकाला एक पळणं अन् एक उडी, वयोगटाप्रमाणं ठरलेलं एक माप. माप असं ठेवा की निम्मी पोरं पास होतील अन् निम्मी नाही, त्यासाठी मागच्या वर्षीची वही काढा, नसेल तर एका तुकडीवर आधी करून बघा. जो उतरला त्याला 1 पॉइंट, दोन्हीत माप गाठलं तर अजून 1, म्हणजे एका पोराचे जास्तीत जास्त 2. अपंग पोराचं माप त्याच्याशी बोलून वेगळं ठरवा, त्याला बाजूला बसवू नका. मग हाऊसचे पॉइंट भागिले पटाच्या दुप्पट, गुणिले 100. इथं भागायचं, कारण इथं पोरं वाढली की पॉइंट वाढतात.

अन् खरी अडचण या भागाकारातच आहे. कोणत्या पटानं भागायचं? आम्ही पहिल्यांदा जूनचा पट घेतला. चाचणी झाल्यावर फळ्यावर आकडे लिहीत होतो तर दुधनाची आठवीतली एक पोरगी हात वर करून उभी राहिली अन् म्हणाली, "सर, आमच्या हाऊसचे अठरा पोरं उसाला गेलेत, अन् तुम्ही अडुसष्टनं भागायलात." मी खडू तसाच हातात धरून उभा. दिवाळीनंतर मायबापाबरोबर कारखान्यावर गेलेली पोरं जूनच्या पटावर असतात, डिसेंबरला ग्राउंडवर नसतात. दुधनाला 70 पॉइंट होते, 68 च्या दुप्पट म्हणजे 136 नं भागले तर 51.5 येतात अन् हजर असलेल्या 50 च्या दुप्पटीनं भागले तर 70. अठरा-साडेअठरा पॉइंटचा फरक, तोही पोट भरायला गेलेल्या लेकरांमुळं. तिला मी तिथंच सांगितलं की बाई तुझं बरोबर आहे, अन् फळा पुसला.

पण म्हणून चाचणीच्या दिवशीची हजेरी पण घेऊ नका. ती घेतली की हाऊसची मोठी पोरं कच्च्या पोरांना सांगतात, उद्या तू येऊच नको. ज्यांना पळवायला हे सगळं करतोय तेच घरी बसतात. आम्ही आता चाचणीच्या आधीचे दहा शाळेचे दिवस धरतो, त्यात एकदा जरी हजेरी लागली तरी ते पोरगं पटात. ही यादी हजेरीपटावरून क्लास टीचर काढतात, हाऊस मास्टर नाही, अन् चाचणीची तारीख जाहीर व्हायच्या आतच ती बंद होते, म्हणजे कोणाला खाडाखोड करायला वाव राहत नाही. आजारी पोराचं नाव कमी करायचं असेल तर तेही पीटी टीचरनंच करायचं, डॉक्टरची चिठ्ठी किंवा पालकांचा फोन आल्यावर.

त्या वर्षी आमचं शेवटचं टेबल असं लागलं. पहिल्या भागात चांगल्या दहा इव्हेंटचे गोदावरी 122, मांजरा 104, पूर्णा 98, दुधना 84. दुसऱ्या भागात गोदावरीच्या 96 पोरांना 192 पैकी 96 मिळाले म्हणजे 50, मांजराला 62.5, पूर्णाच्या 70 पोरांना 140 पैकी 105 म्हणजे 75, अन् दुधनाला 70. बेरीज केली तर पूर्णा 173, गोदावरी 172, मांजरा 166.5, दुधना 154. पूर्णा आदल्या वर्षी शेवटी होती. त्यांच्याकडं मोठा धावपटू एक पण नव्हता पण जवळपास सगळं हाऊस ग्राउंडवर उतरलं होतं, अन् गोदावरीनं हॉस्टेलच्या निवडक पोरांवर भरवसा ठेवून बाकीच्यांना सोडून दिलं होतं. एका पॉइंटनं ढाल गेल्यावर गोदावरीचे सर वही घेऊन आले, सगळे कॉलम आम्ही दोघांनी बसून परत जुळवले, 37 अन् दोन ठिकाणी 34, सगळं बरोबर निघालं, मग ते काही बोलले नाहीत.

या पद्धतीत एक गोष्ट राहतेच, 96 मधून चांगले दोन निवडणं अन् 50 मधून निवडणं सारखं नाही, मोठ्या हाऊसला तेवढा फायदा पहिल्या भागात मिळणारच. तो कमी करायचा असेल तर टेबलात अजून आकडेमोड घालू नका, जूनमध्ये नवीन ॲडमिशन झाल्या की पोरं लहान हाऊसमध्ये आधी टाका. आम्ही हॉस्टेलची नवी पोरं आता चारही हाऊसमध्ये वाटतोय, फक्त सख्खी भावंडं एकत्र ठेवतो.

बेरीज सारखी आली तर दुसऱ्या भागात पुढं असणारं हाऊस वर, हे पण आधीच लिहून ठेवा. सगळे नियम एका कागदावर, स्पोर्ट्स डेच्या महिनाभर आधी नोटीस बोर्डला, अन् चारही हाऊस कॅप्टनच्या सह्या घेऊन. त्या दिवशी प्रत्येक इव्हेंट झाला की त्याचा कॉलम मंडपाला लावलेल्या तक्त्यावर मोठ्या अक्षरात भरायचा, अन् पुढचे दोन इव्हेंट होईपर्यंत कोणी हरकत घेतली तर ऐकायची, त्यानंतर तो कॉलम बंद.